दुरावा, परतभेट आणि विश्वास

साधारण सातव्या-आठव्या महिन्यात बाळाच्या वागण्यात एक बदल होतो. तोवर कोणाच्याही कडेवर खुशाल जाणारे बाळ आता नव्या माणसाला पाहून ओठ काढते, आईच्या खांद्यात तोंड लपवते आणि ती दुसऱ्या खोलीत गेली की रांगत तिच्यामागे जाते. घरातली मोठी माणसे म्हणतात, बाळ आता माणसे ओळखायला लागले. प्रत्यक्षात ओळख बरीच आधी झालेली असते. आई-वडिलांचा आवाज, वास, चेहरा बाळाला पहिल्या काही आठवड्यांतच वेगळा कळू लागतो. या वयात नवे घडते ते एवढेच, की ओळखीच्या माणसांपैकी एक-दोन माणसे त्याच्या हक्काची होतात. भीती वाटली, थकवा आला, दुखले-खुपले, की बाळ त्यांच्याकडे धाव घेते. सगळे ठीक असले, की त्यांच्यापासून दूर जाऊन खेळते आणि अधूनमधून मागे वळून ती जागेवर आहेत ना हे पाहते. या नात्याला मानसशास्त्रात भावबंध म्हणता येईल.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी या भावबंधाची मांडणी केली. तिचा पहिला खंड १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत प्रचलित समजूत अशी होती, की बाळ आईला बिलगते ते तिच्याकडून दूध मिळते म्हणून, आणि माया ही पोट भरण्यातून लागलेली सवय आहे. बोल्बींनी ही समजूत नाकारली. माणसाचे पिल्लू दीर्घकाळ असहाय असते आणि मोठ्यांच्या जवळ राहिले तरच जगते. म्हणून जवळ राहण्याची ओढ ही भुकेइतकीच मूळची, स्वतंत्र गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हॅरी हार्लो या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माकडांच्या प्रयोगांनी या म्हणण्याला बळ दिले. तारेची, दुधाची बाटली लावलेली ‘आई’ आणि मऊ कापडाची, दूध नसलेली ‘आई’ अशा दोन्ही समोर ठेवल्यावर पिल्ले दूध तारेच्या बाहुलीकडे पीत, पण दिवसाचा बराचसा वेळ कापडाच्या बाहुलीला बिलगून काढत. घाबरली की धावत त्याच बाहुलीकडे.

बोल्बींचा दुसरा दावा मोठा होता आणि वाद आहे तो त्यावरच. हक्काच्या माणसाशी आलेल्या अनुभवांतून मूल मनात एक आडाखा बांधते, असे ते म्हणत. हाक मारली तर कोणी येईल का, आणि मी हाक मारावी इतका मोलाचा आहे का, हे त्या आडाख्याचे दोन प्रश्न. पुढे मैत्रीत, प्रेमात, लग्नात माणूस हाच आडाखा घेऊन जातो. हा दावा आज लोकप्रिय लेखनात फार ढोबळ होऊन बसला आहे. बालपण जसे गेले तसेच संसाराचे होणार, असे त्याचे रूप दिसते. गेल्या अर्ध्या शतकात जमलेला पुरावा मात्र वेगळे काही सांगतो, आणि ते या ढोबळ रूपापेक्षा जास्त उपयोगाचे आहे. बाल्यातला भावबंध माणसाच्या हाती भवितव्य देत नाही. दुरावा आला किंवा काही बिनसले, तर पुन्हा जवळ कसे यायचे याची एक रीत देतो. ती रीत टिकते की बदलते, हे पुढे भेटणाऱ्या माणसांवरही अवलंबून असते.

ही रीत मोजता येते हे मेरी एन्सवर्थ यांनी दाखवले. त्या काही काळ लंडनमध्ये बोल्बींसोबत होत्या. १९५४-५५ मध्ये युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत त्यांनी आया आणि तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर शहरात त्यांनी २६ कुटुंबे निवडली आणि बाळ जन्मल्यापासून वर्षभर दर तीन आठवड्यांनी प्रत्येक घरी चार-चार तास बसून नोंदी केल्या. एका कुटुंबामागे सुमारे ७२ तास झाले. एवढ्या नोंदी हाती आल्यावर, बाळ वर्षाचे झाले की त्याला आईसह प्रयोगशाळेतल्या खेळण्यांनी भरलेल्या खोलीत आणले जाई. इथे सुमारे वीस मिनिटांचा एक ठरावीक क्रम असे. आई आणि बाळ खोलीत येतात. एक अनोळखी बाई येऊन बसते. आई हळूच बाहेर जाते आणि थोड्या वेळाने परत येते. मग ती पुन्हा जाते, या वेळी बाळ एकटे राहते. अनोळखी बाई आत येऊन त्याला शांत करायचा प्रयत्न करते, आणि शेवटी आई परत येते. प्रत्येक टप्पा साधारण तीन मिनिटांचा. बाळ फारच रडू लागले तर तो आधीच थांबवतात.

वाचणाऱ्याला वाटेल, आई गेल्यावर बाळ किती रडते हे इथे मोजतात. तसे नाही. रडणे हे बाळाच्या स्वभावावर, त्या दिवशीच्या झोपेवर आणि एकटे राहण्याच्या सवयीवर बरेच अवलंबून असते. एन्सवर्थ यांनी मोल दिले ते आई परत आल्याच्या क्षणांना. बहुसंख्य मुले, अमेरिकी नमुन्यांत साधारण तीनपैकी दोन, आईकडे थेट जात. रडत असली तर कडेवर घ्या म्हणून हात वर करत, तिच्या अंगाशी विसावत आणि थोड्या वेळात उतरून पुन्हा खेळू लागत. हा सुरक्षित भावबंध. काही मुले आई आल्याचे दिसूनही खेळण्यात मान खाली घालून बसत, जवळ घेतले तर अंग वळवून घेत. हा टाळणारा भावबंध. काही थोडी मुले आईकडे धावत, पण तिने घेतले की तिलाच ढकलत, पाय झाडत, बराच वेळ शांत होत नसत आणि खेळाकडे वळतच नसत. हा द्विधा भावबंध. पुढे मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथा प्रकार दाखवला. काही मुले आईकडे निघतात आणि मध्येच गोठून उभी राहतात, किंवा पाठ करून मागे मागे तिच्याकडे सरकतात. ज्या माणसाकडे आसऱ्याला जायचे त्याचीच भीती वाटत असेल, तर मुलाला कोणतीच वाट धड उरत नाही. अत्याचार किंवा अतिशय दुर्लक्ष झालेल्या मुलांत हा विस्कळीत भावबंध जास्त आढळतो.

टाळणाऱ्या मुलाकडे नीट पाहायला हवे, कारण त्याला समजून घेण्यात सर्वाधिक चुका होतात. आई गेली तरी रडत नाही, आली तरी बिलगत नाही, म्हणून हे मूल शहाणे, स्वावलंबी आहे, असे कोणालाही वाटेल. पण अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा दिसले, की आतून तीही इतरांइतकीच अस्वस्थ असतात. खेळण्याकडे नजर असते, पण खेळ चाललेला नसतो. बाल्टिमोरच्या नोंदी उलगडल्यावर या मुलांच्या घरी जवळ येऊ पाहणाऱ्या बाळाला वारंवार दूर सारले गेल्याचे दिसले. मग मुलाने मागणेच कमी केले. मागितले नाही तर नकार मिळत नाही आणि निदान जवळपास तरी राहता येते. द्विधा मुलाचा हिशेब याच्या उलट असतो. त्याच्या घरी प्रतिसाद कधी भरभरून मिळे, कधी मुळीच नाही. म्हणून ते मागणीचा आवाज वाढवत नेते आणि मिळाले तरी सोडत नाही, कारण पुढच्या वेळी मिळेलच असे नाही. हे मुलाचे दोष नव्हेत. त्या त्या घरात लागू पडलेल्या या युक्त्या आहेत. अडचण पुढे येते, जेव्हा घर बदलते आणि युक्ती तीच राहते.

सुरक्षित भावबंध असलेल्या मुलांच्या घरी नेमके काय वेगळे होते? त्या आया जास्त वेळ घरी असत किंवा जास्त लाड करत, असे नव्हे. एन्सवर्थ यांनी चार गोष्टी पाहिल्या. बाळाने दिलेली खूण आईच्या लक्षात येते का, तिचा अर्थ ती बरोबर लावते का, तिला साजेसे काही करते का, आणि ते वेळेत करते का. बाळ मान फिरवते आहे, म्हणजे त्याला आता पुरे झाले, हे न ओळखता त्याच्यापुढे खुळखुळा वाजवत राहणे हाही कमी प्रतिसादच. उत्साह भरपूर असतो, पण तो बाळाला धरून नसतो.

यातून एक दडपण निर्माण होते आणि ते अनाठायी आहे. सदैव अचूक प्रतिसाद कोणीच देत नाही, आणि त्याची गरजही नसते. अमेरिकी संशोधक एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि तान्ह्या मुलांचा समोरासमोरचा खेळ चित्रित करून तो क्षणाक्षणाने तपासला. सगळे उत्तम चाललेल्या जोड्यांतही निम्म्याहून कितीतरी जास्त वेळ दोघांचे सूर जुळलेले नसत. बाळ हसते तेव्हा आई दुसरीकडे पाहत असते, आई बोलू लागते तेव्हा बाळ कंटाळलेले असते. पण ही चुकामूक काही सेकंदांत पुन्हा जुळे. हाच अनुभव दिवसात शेकडो वेळा येतो आणि त्यातून बाळ शिकते, की बिनसले तरी पुन्हा जमते. ट्रॉनिक यांच्याच प्रयोगात आईला थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवून बसायला सांगितले, तेव्हा बाळे आधी हसून, हात पुढे करून, आवाज काढून तिला परत आणायचा प्रयत्न करत आणि मग खचून मान वळवत. आधीचे प्रयत्न बघण्यासारखे आहेत. काही महिन्यांच्या जिवालाही नाते दुरुस्त करता येते हे ठाऊक असते, ते त्यातून कळते.

आता प्रश्न उरतो पुढच्या वीस वर्षांचा. त्याचे उत्तर देण्यासाठी मुलांना जन्मापासून मोठे होईपर्यंत गाठत राहावे लागते, आणि असे अभ्यास मोजकेच आहेत. त्यांतला सर्वांत बोलका अभ्यास मिनेसोटातला. १९७५-७६ मध्ये मिनिअॅपोलिस शहरातल्या सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या, गरिबीत राहणाऱ्या, पहिलटकरीण अशा २६७ स्त्रियांना बायरन एगलंड, ॲलन स्रूफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोबत घेतले. मुले बारा आणि अठरा महिन्यांची झाल्यावर एन्सवर्थ यांची परतभेटीची चाचणी झाली. त्यानंतर बालवाडी, शाळा, पौगंडावस्था आणि तारुण्य अशा प्रत्येक टप्प्यावर त्यांची पाहणी होत राहिली.

बालवाडीतले निष्कर्ष ‘रडले तरी उचलू नका, सवय लागते’ या सल्ल्याच्या अगदी विरुद्ध आहेत. बारा महिन्यांचे असताना ज्यांच्या हाका ऐकल्या जात होत्या, ती मुले बालवाडीत बाईंना कमी चिकटली. जास्त चिकटली ती टाळणारी आणि द्विधा मुले. ज्याच्या गरजेला उत्तर मिळाले त्याला ती पुन्हा पुन्हा तपासून पाहावी लागत नाही.

त्याहून लक्षणीय होते बाईंचे वागणे. मुलांचा बालपणीचा इतिहास या शिक्षिकांना माहीत नव्हता. तरीही सुरक्षित भावबंध असलेल्या मुलांशी त्या सरळ, बरोबरीने वागत आणि सांगितलेले ते ऐकतील असे गृहीत धरत. द्विधा मुलांना त्या लहान बाळासारखे सांभाळून घेत, त्यांच्याकडून फारशी अपेक्षाच ठेवत नसत. टाळणाऱ्या मुलांना त्या जास्त दरडावत, आणि कधी कधी त्यांच्यावर चिडतही. म्हणजे घरी दूर सारले गेलेले मूल शाळेत असे वागते, की शाळेतही त्याला दूर सारले जाते. जवळ जाण्यात अर्थ नाही, हा त्याचा आडाखा आता नव्या माणसाने खरा ठरवलेला असतो. बाल्यातला अनुभव वीस वर्षे कसा टिकतो, याचे उत्तर इथे आहे. तो मनात एखाद्या ठशासारखा नुसता पडून राहत नाही. प्रत्येक नव्या नात्यात तो स्वतःसाठी ताजा पुरावा गोळा करत जातो.

जेफ्री सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याच मुलांपैकी ७८ जणांचा पुढचा प्रवास मांडला. आता ही मुले वीस-तेवीस वर्षांची होती आणि प्रत्येकाचे कोणाशी तरी प्रेमाचे नाते होते. बारा महिन्यांच्या वयातल्या परतभेटीचा आणि आताच्या नात्यातल्या भावनांचा संबंध लागला, पण तो सरळ नव्हता. त्याला पायऱ्या होत्या. वर्षाचे असताना सुरक्षित असलेली मुले पहिली ते तिसरीच्या वर्गांत सवंगड्यांशी बरी जमवून घेत असल्याचे शिक्षकांनी नोंदवले होते. ज्यांचे सवंगड्यांशी जमले, त्यांची सोळाव्या वर्षी एखाद्याशी तरी मनातले बोलण्याइतकी मैत्री होती. आणि अशी मैत्री असलेल्यांच्या प्रेमात पुढे राग, कुढणे, संशय कमी होता. मधल्या पायऱ्या काढून टाकल्या तर पहिल्या आणि शेवटच्या टोकात फारसे काही उरत नाही. आईच्या कुशीतून थेट जोडीदाराच्या मिठीत कोणी उडी मारत नाही. वाटेत शाळेचा डबा वाटून खाणारे मित्र असतात, भांडणे असतात, दहावीच्या वर्षातली जिवलग मैत्रीण असते.

याच समूहावर जेसिका सॅल्व्हाटोरे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयाच्या गाभ्याशी जातो. ७३ तरुण आणि त्यांचे जोडीदार प्रयोगशाळेत आले. आधी त्यांना दोघांमधल्या सर्वांत मोठ्या वादाच्या मुद्द्यावर बोलायला सांगितले. ते झाल्यावर लगेच, ज्यावर दोघांचे एकमत आहे अशा गोष्टींवर मोजकी मिनिटे बोलायला सांगितले. संशोधकांचे लक्ष या दुसऱ्या भागावर होते. वाद किती तीव्र झाला यापेक्षा, वाद संपल्यावर माणूस त्यातून बाहेर येतो का, हे त्यांना पाहायचे होते.

हा दुसरा भाग कसा असतो, ते एका कल्पित जोडीवरून ध्यानात येईल. वाद झाला तो सुट्टीचे दिवस मित्रांसोबत घालवण्यावरून. आता विषय आहे, दोघांनाही आवडते ते काय. ती म्हणते, आपल्याला दोघांनाही फिरायला आवडते. एक जण हसून म्हणेल, हो, मागच्या पावसाळ्यातली ती सहल आठवते का? विषय सरकला, खांदे सैल झाले. दुसरा म्हणेल, आवडते खरे, पण तुला माझ्यासोबत फिरायला वेळ कुठे असतो. शब्द सहमतीचे, पण वाद आत शिरला. तिसरा नुसते हं म्हणून भिंतीकडे पाहील. वर्षाचे मूल आई परत आल्यावर जे तीन प्रकारे करते, त्याचीच ही मोठ्यांची रूपे आहेत. विसावून पुन्हा खेळाला लागणे, जवळ घेतले तरी पाय झाडत राहणे, आणि मान फिरवणे. अभ्यासात दिसले ते असे, की बारा-अठरा महिन्यांचे असताना ज्यांचा भावबंध सुरक्षित होता, ते वीस वर्षांनंतर वादातून जास्त चांगले सावरले.

त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मात्र जास्त मोलाचा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. ज्यांचा बालपणीचा भावबंध असुरक्षित होता, त्यांच्यापैकी काहींचे जोडीदार वादातून पटकन सावरणारे होते. अशी जोडपी दोन वर्षांनंतरही एकत्र असण्याची शक्यता जास्त होती. वाद संपल्यावर एकाने तो खरोखर संपवला, की दुसऱ्याच्या जुन्या आडाख्याला पुरावा मिळेनासा होतो. भांडण झाले म्हणजे माणूस गेले, असे मानणाऱ्याला माणूस तिथेच दिसते, तेही रुसून न बसता. बालवाडीतल्या बाईंनी नकळत जे पक्के केले, ते जोडीदार अशा रीतीने सैल करू शकतो.

या साऱ्याच्या मर्यादा मोकळेपणाने मांडायला हव्यात, कारण त्या न पाहता या विषयाचा वापर लोकांना, विशेषतः आयांना, दोष देण्यासाठी होतो. पहिली मर्यादा अशी, की आईच्या प्रतिसादाचा आणि मुलाच्या भावबंधाचा संबंध खरा असला तरी मध्यमच आहे. १९९७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हा सहसंबंध ०.२४ इतका आला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, हे लक्षात घेतले तर उरलेली बरीच जागा इतर कारणांना आहे. घरातली आर्थिक ओढाताण, आई-वडिलांमधले ताण, बाळाचा मूळ स्वभाव, आईला नसलेली सोबत, ही कारणे तिथे येतात. दुसरी मर्यादा टिकाऊपणाची. एका मध्यमवर्गीय अमेरिकी समूहातल्या ५० जणांना वीस वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा ७२ टक्क्यांचा सुरक्षित-असुरक्षित हा निकाल तसाच राहिला होता. जे बदलले, त्यांच्या आयुष्यात बऱ्याचदा पालकाचा मृत्यू, घटस्फोट, गंभीर आजार असे काही घडलेले होते. मिनेसोटाच्या गरीब कुटुंबांत मात्र एवढे सातत्य दिसले नाही. आयुष्य जितके डळमळीत, तितका पहिल्या वर्षाचा निकाल पुढे कमी टिकतो. म्हणून एखाद्या मुलाची वीस मिनिटांची चाचणी घेऊन त्याच्या संसाराचे भाकीत करणे अशास्त्रीय आहे. समूहाबद्दल जे खरे आहे, ते एकट्या मुलाबद्दल बोलायला पुरत नाही.

तिसरी मर्यादा प्रश्नावल्यांची. १९८७ मध्ये सिंडी हाझन आणि फिलिप शेव्हर यांनी एका अमेरिकी वर्तमानपत्रात प्रेमाविषयीची प्रश्नावली छापून वाचकांची उत्तरे मागवली आणि बाल्यातले तीन प्रकार प्रौढांच्या प्रेमालाही लावून पाहिले. आज मोबाइलवर ‘तुमचा प्रकार ओळखा’ म्हणून फिरणाऱ्या चाचण्या त्याच वंशातल्या आहेत. आपण नात्यात कसे आहोत असे माणसाला वाटते, ते त्यांतून कळते आणि ते निरुपयोगी नाही. पण त्यावरून आपल्या आईने पहिल्या वर्षी काय केले, हे काढता येत नाही.

मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात तयार केलेली मुलाखत याहून खोल जाते. तिच्यात माणसाला आईचे वर्णन करणारे पाच शब्द विचारतात आणि मग प्रत्येक शब्दाला आधार देणारी एक तरी आठवण मागतात. एखादा म्हणतो, आई प्रेमळ होती. आठवण विचारली तर म्हणतो, म्हणजे आई होती ना, प्रेमळच असणार. आठवण येत नाही. दुसरा म्हणतो, आई कडक होती, मला मारायची, एकदा तापात असताना मात्र रात्रभर उशाशी बसली होती, आता वाटते तिच्यावरही फार भार होता. गुण मिळतात ते आठवणी गोड असण्याला नव्हे, तर हकिकत सुसंगत असण्याला. लंडनमध्ये गर्भवती स्त्रियांच्या अशा मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांवरून अजून न जन्मलेल्या बाळाचा वर्षभरानंतरचा भावबंध चारपैकी तीन वेळा बरोबर सांगता आला. वाईट बालपण भोगूनही त्याचा नीट विचार केलेल्या स्त्रियांची मुले सुरक्षित निघू शकतात. वाईट बालपणाइतकेच घातक ठरू शकते ते त्यावर टाकलेले झाकण.

हा सिद्धांत एका आईभोवती फिरतो आणि एकत्र कुटुंबाला लागू पडत नाही, असा आक्षेप भारतात घेतला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. बोल्बींच्या सुरुवातीच्या लेखनात आईवर अवाजवी भर होता, हे खरे. पण एन्सवर्थ यांची युगांडातली बाळेही अनेकांच्या हातांत वाढत होती आणि त्यांच्या हक्काच्या माणसांत मावश्या, आज्या, वडील होते. मुलाला अशी दोन-चार माणसे सहज पेलतात. पन्नास माणसे मात्र ती जागा भरू शकत नाहीत, हे बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या मुलांवरून कळले. पाळ्या बदलणाऱ्या सेविकांच्या हाताखाली वाढलेल्या या मुलांपैकी काहींना कुटुंबात ठेवले गेले. दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांत सुरक्षित भावबंध जास्त दिसला.

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आजोळाहून वडिलांच्या घरी येते. हक्काची माणसे पक्की होण्याआधीच हा बदल होतो, म्हणून तो सहसा सोपा जातो. आजच्या स्थलांतरित कुटुंबांचे वेळापत्रक मात्र बरेचदा नेमके उलटे पडते. अमेरिकेत बाळंतपणासाठी गेलेली आजी पाहुण्यांच्या व्हिसावर साधारण सहा महिने राहू शकते. बाळाच्या जन्माआधी थोडे दिवस किंवा जन्मानंतर ती पोचली, तर ती निघते तेव्हा बाळ पाच-सात महिन्यांचे असते. म्हणजे तिच्या कुशीची ओळख गाढ होत असतानाच ती दिसेनाशी होते. तसेच, दोघेही कामाला जाणारे आई-वडील दीड-दोन वर्षांच्या मुलाला काही महिन्यांसाठी गावी आजी-आजोबांकडे ठेवतात, तेव्हा दुरावा सर्वांत नाजूक वयात येतो. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५०च्या सुमारास रुग्णालयात एकट्या राहिलेल्या मुलांत पाहिलेला क्रम अशा वेळी ओळखू येतो. आधी आक्रोश, मग खिन्न शांतता, आणि शेवटी अलिप्तपणा. परत न्यायला आलेल्या आईकडे मूल अनोळखी नजरेने पाहते. ‘रुळले बाई आता’ असे घरचे म्हणतात, ते बहुतेक दुसऱ्या टप्प्यावर. मूल परत आल्यावर आठवडेच्या आठवडे आईचा पदर सोडत नाही किंवा विनाकारण चिडते, तेव्हा ते बिघडलेले नसते, नाते पुन्हा तपासत असते. पाळणाघराची गोष्ट वेगळी. तिथे रोज दुरावा असतो आणि रोज परतभेटही. अमेरिकेत हजाराहून अधिक मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, केवळ पाळणाघरात ठेवल्याने भावबंध असुरक्षित होत नसल्याचे आढळले. घरातला प्रतिसादही कमी आणि पाळणाघरही निकृष्ट, असे दोन्ही जुळले तर धोका वाढत होता.

लवकर हस्तक्षेप केला तर पुन्हा जवळ येण्याची ही रीत बदलता येते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा नेदरलँड्समधला आहे. डिम्फ्ना व्हॅन डेन बूम यांनी कमी उत्पन्नाच्या घरांतली, जन्मतःच चिडखोर अशी १०० बाळे निवडली. अशी बाळे आयांना थकवतात. त्या हळूहळू त्यांच्या रडण्याकडे दुर्लक्ष करू लागतात आणि बाळ शांत असते तेव्हाही त्याच्याशी खेळत नाहीत, कारण मिळालेली शांतता मोडायची नसते. निम्म्या घरांत बाळ सहा ते नऊ महिन्यांचे असताना तीन भेटी दिल्या. उपदेश केला नाही. बाळाची खूण कोणती, ती दिसल्यावर थोडे थांबायचे कसे, त्याला कोणत्या प्रकारे शांत वाटते, हे आईला तिच्याच बाळावर दाखवले. बाळे वर्षाची झाली तेव्हा भेटी दिलेल्या घरांत निम्म्याहून जास्त मुलांचा भावबंध सुरक्षित होता. भेटी न दिलेल्या घरांत तो सुमारे पाव मुलांचा होता. साडेतीन वर्षांच्या वयात पुन्हा पाहिले तेव्हा फरक टिकून होता, आणि तो आईपुरता उरला नव्हता. ही मुले सवंगड्यांशीही जास्त जमवून घेत होती.